मदत हवी आहे: हॅमस्टरचा पिंजरा फोटो बघून सांगा, पुरतोय का?

सईची_आई: फोटो टाकलाय. लेकीच्या वाढदिवसाला हॅमस्टर आणलाय, त्याचा हा पिंजरा. जागा, खालचं बेडिंग आणि खेळणी ठीक आहेत का, एवढंच सांगा. अजून कोणती खेळणी घेऊ? सेल आज रात्री संपतोय, त्यामुळे जरा लवकर. "प्राणी पाळूच नका" असले सल्ले कृपया नकोत.

बंडू_डोंबिवली: फोटो उघडत नाहीये.

सईची_आई: परत टाकलाय.

खारूताई: दिसला. पिंजऱ्याचं माप काय? आणि हॅमस्टर कुठला? तो घरात झोपलाय, नुसता एक कान दिसतोय.

सईची_आई: माप नाही माहीत. दुकानदाराने हॅमस्टरचा पिंजरा म्हणूनच दिलाय. टेडी बेअर आहे, लांब केसांचा. एकच आहे.

शिरीषकाका: ताई, पिंजरा छान आहे, पण एकटा ठेवू नका, जोडी आणा. आमच्याकडे लव्हबर्डची जोडी आहे. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या काढून पेरूच्या फांद्या लावा, पायांना बरं असतं. आणि आरसा लावू नका, त्यातल्या पक्ष्याला भरवत बसतात.

बंडू_डोंबिवली: काका, पक्षी नाही, हॅमस्टर विचारलाय!

खारूताई: आणि जोडी तर अजिबात नको. टेडी बेअर म्हणजे लांब केसांचा सीरियन. मोठा झाला की एकटाच राहतो, दुसरा आणलात तर मारामारी होईल.

आता माप. ते तुमच्या फोटोतच आहे. पिंजरा जमिनीवर आहे आणि फरशीच्या सांधी दिसताहेत. फरशी दोन बाय दोन फुटांची धरली, तर पिंजऱ्याची लांबी पाऊण फरशी आणि रुंदी निम्मी आहे. म्हणजे साधारण ४५ बाय ३० सेंमी. अंदाज तळाच्या कडेवरूनच घ्यायचा. वरची कड कॅमेऱ्याच्या जवळ असते, म्हणून मोठी दिसते. टेप लावून बघा आणि खालच्या ट्रेची खोलीसुद्धा सांगा.

सईची_आई: ४६ बाय ३०. ट्रे ६ सेंमी खोल. मग? ठीक की नाही?

खारूताई: नाही. सीरियनला सलग तळ १०० बाय ५० सेंमी मिळावा, असं जर्मनीतले प्राणीकल्याणवाले पशुवैद्य सांगतात. तुमच्याकडे त्याच्या पावपटीहून थोडी जास्त जागा आहे. पण जागेपेक्षा मला ट्रेची काळजी जास्त वाटते. सहा सेंमीच्या ट्रेत बेडिंग पाच सेंमीच्या वर टिकणार नाही, तो सगळं गजांतून बाहेर उधळेल. हा बीळ खणणारा प्राणी आहे. एक विचारते, रात्री गज चावतो का?

सईची_आई: हो!! रात्रभर टणटण. झोप नाही कुणाला. मला वाटलं दात शिवशिवतात म्हणून चावायची खेळणी घ्यावीत, त्यासाठीच तर विचारतेय.

बंडू_डोंबिवली: हे आधी सांगायचं ना ताई! मी हॅमस्टर पाळलेत. सोपा उपाय म्हणजे दोन मजली पिंजरा. मुंबईच्या घरात आडवी जागा कुठून आणणार, उभी वाढवा. आणि सुताराकडून भुसा आणा, फुकट मिळतो. दर रविवारी सगळा बदलायचा, वास येत नाही.

खारूताई: बंडू, जागेची अडचण खरी आहे. पण मजल्यांनी ती सुटत नाही. हॅमस्टर चढतो, उतरताना मात्र सरळ खाली पडतो. नजर कमजोर, उंचीचा अंदाज नाही. मोजायचा तो खालचा सलग तळ. सुताराच्या भुशात प्लायचा डिंक, पॉलिश आणि बारीक धूळ असते, ती नाकात जाते. आणि सगळं बेडिंग एकदम बदललं की त्याचा स्वतःचा वास जातो, तो बिथरतो. मुतायचा कोपरा ठरलेला असतो, तेवढाच काढायचा.

बंडू_डोंबिवली: माझे भुशातच जगले की.

खारूताई: जगले असतील. गज चावत होते का?

बंडू_डोंबिवली: चावायचे. सगळेच चावतात.

खारूताई: तिथेच तर गोम आहे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी सीरियन हॅमस्टर १०, ४० आणि ८० सेंमी खोल बेडिंगमध्ये ठेवून पाहिले. २००६ साली ते छापून आलं. दहावाले गज जास्त चावत होते आणि चाकावरही जास्त धावत होते. ८० सेंमीत सगळ्यांनी बिळं केली. म्हणून चावायचं खेळणं आणून टणटण थांबेलच असं नाही.

सईची_आई: ८० सेंमी?? माणसांना जागा नाही आमच्याकडे!

खारूताई: ऐंशी कुणी मागत नाही. निदान एका बाजूला २०-२५ सेंमी खोल करा. साठवणीचा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा मिळतो, ७८ बाय ५६ च्या आसपास. शंभर बाय पन्नासपेक्षा थोडा कमी, पण आत्ताच्यापेक्षा तिप्पट. झाकणाचा मधला भाग कापून बारीक जाळी नटबोल्टने बसवायची. पलंगाखाली नका ठेवू, हवा लागते. एवढ्या डब्यात सरासरी १५ सेंमी भरायचं तर ६५ लिटर बेडिंग लागेल, तेव्हा छोटं पाकीट मागवू नका. कागदी बेडिंग आणि सुकं गवत थरांनी घालून दाबा, तरच बोगदा टिकतो. नुसतं सैल भरलं तर ढासळतं.

कोकणकन्या: पावसाळ्यात एवढं बेडिंग बुरसतं हो. आमच्याकडे रत्नागिरीत गवताला तर हमखास.

खारूताई: खरंय, दमट हवेत गवत कमी आणि कागद जास्त. कोपरा उकरून वास घेत राहायचा. कोकणात किती टिकेल, ते मी नाही सांगू शकत.

सईची_आई: बरं, खेळण्यांचं राहिलं. घरात गुलाबी कापूस आहे तो चालतो ना? दुकानातलाच आहे.

खारूताई: तो आजच काढा. सेलची वाट बघू नका. कापसाचे तंतू पायाला गुंडाळतात, रक्त अडतं. गालाच्या पिशवीत भरला तरी त्रास. त्याऐवजी बिनवासाचा टिश्यू फाडून द्या, तो स्वतः गादी करेल.

चाक फोटोत पिंजऱ्याच्या निम्म्या उंचीचं, जाळीचं दिसतंय. तो पळताना बाजूने फोटो काढा. पाठ कमानीसारखी वाकत असेल तर चाक लहान. सीरियनला २८ सेंमीच्या आसपास हवं, आणि पळायची पट्टी सलग हवी, जाळीत पाय अडकतो. विकत घ्यायचं तर हेच. बाकी टिश्यूच्या रोलची नळी आणि पुठ्ठ्याचं खोकं फुकट आहे.

शिरीषकाका: नळी आमच्या पक्ष्यांनाही आवडते.

कोकणकन्या: काका, तुमचे लव्हबर्ड नक्की लव्हबर्डच आहेत ना? आपल्याकडे बजरीगारलाही तेच म्हणतात.

शिरीषकाका: निळे-पिवळे, अंगावर रेघा.

कोकणकन्या: मग बजरीगारच.

सईची_आई: धाग्यावर राहा ना प्लीज! व्हिडिओ बघितला, पळताना पाठ वाकतेय. चाक आणि डबा मागवतेय. पण २८ चं चाक त्या डब्यात बसेल का? उंची ४२ लिहिलीय.

खारूताई: बसेल, पण बेडिंगवर ठेवू नका, तो खालून पोखरतो आणि चाक कलंडतं. एका टोकाला लाकडी फळी पायांवर उभी करून चाक त्यावर ठेवा. स्टँड धरून चाक ३० च्या पुढे जातं, म्हणून फळी ८ सेंमीच्या वर नको. खोल बेडिंग दुसऱ्या टोकाला.

बंडू_डोंबिवली: फळी प्लायची चालेल की तीही नाही?

खारूताई: साधं लाकूड असेल तर बरं. कुरतडणारच आहे तो.

सईची_आई: जुना पिंजरा ओएलएक्सवर टाकू का?

कोकणकन्या: म्हणजे दुसऱ्या कुणाचा हॅमस्टर त्यात?