मदत हवी आहे: दत्तक मुलीचं नाव आदेशात कसं लिहून घ्यावं?

आमची लेक चार वर्षांची आहे. संस्थेतल्या नावाला ती लगेच ओ देते, म्हणून घरी तेच ठेवतोय. कागदोपत्री मात्र नवीन नाव हवंय. दत्तक आदेश अजून व्हायचा आहे. जन्मदाखला त्यावरूनच बनणार, म्हणजे आदेशातलं एक अक्षर चुकलं की तीच चूक पुढे सगळीकडे जाणार. लसीकरणाचं कार्ड आणि वैद्यकीय अहवाल जुन्या नावाने आहेत. ते तिचेच आहेत हे दाखवायला आदेशात दोन्ही नावं एकाच वाक्यात असावीत, आणि जन्मदाखल्यावर फक्त नवीन, असं मला वाटतं. दाखला शाळेत सगळेच पाहतात, तिथे तिचा भूतकाळ उघडा पडायला नको. कुणी असं करून घेतलंय का? अर्जात मजकूर नेमका कसा लिहिलात?