थायरॉईडच्या गोळीने वजन उतरलं का? ज्यांनी घेतली त्यांनी खरं काय झालं ते सांगा

अमळनेरची सून

माझ्यापासून सुरू करते. मागच्या वर्षी माझ्या नणंदेला थायरॉईड निघाला, म्हणजे ग्रंथी हार्मोन कमी बनवत होती म्हणून टीएसएच वाढून 48 झालेला, आणि वजन 81. गोळी सुरू झाली नि दोन-अडीच महिन्यांत तिचं चार किलो उतरलं. माझं वजन तेव्हा 78, माझाही टीएसएच करून घेतला तर 2.6, नॉर्मल. पण डोक्यात एकच बसलं होतं की तिचं उतरलं तर माझंही उतरेल, म्हणून कोणाला न विचारता मेडिकलमधून 50 मायक्रोग्रॅमची बाटली आणली, चिठ्ठी कोणी मागितली नाही. तीन महिने रोज सकाळी उपाशीपोटी घेतली. काटा 78 वरून 77.6 वर आला, बस्स.

मग मी अजून मोठी चूक केली, सरळ 150 घ्यायला लागले. पहिले दोन आठवडे काहीच वाटलं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भाकर थापताना हात थरथरायला लागले, परातीत भाकर फिरवली की कड फाटायची, आणि वीस वर्षांत माझी भाकर कधी फाटली नव्हती. रात्री आडवं झालं की छातीत धडधड, झोप नाही, मिस्टरांनी नाडी मोजली तर 116. भूक मात्र दुप्पट. सहा आठवड्यांत तीन किलो गेले, पण जिना चढताना मांड्यांत जीव नसायचा. डॉक्टरांनी आधी ईसीजी काढला, मग टीएसएच, तो आला 0.02. गोळी बंद केली. दोन महिन्यांनी टीएसएच 2.1 आणि वजन 78.5. म्हणजे गेलेलं सगळं परत आलं.

तुम्हाला काय अनुभव आला ते लिहा, वजन आणि टीएसएच दोन्ही आकडे लिहिले तर बरं होईल.

भुसावळ, रिटायर लॅबवाला

ताई, तुम्ही हे लिहिलं ते फार चांगलं केलं. तीस वर्षं रिपोर्ट काढले, अशा केसेस दर महिन्याला पाहायचो. एक विचारतो, 50 चालू असताना रिपोर्ट केला होता का?

अमळनेरची सून

हो भाऊ, तीन महिन्यांनी केला होता. टीएसएच 0.9 आणि फ्री टी4 जवळपास पहिल्याइतकाच. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही.

भुसावळ, रिटायर लॅबवाला

सगळी गोष्ट त्याच रिपोर्टात आहे. आपल्याकडे गच्चीवरच्या टाकीत बॉल असतो ना, पाणी वर आलं की नळ बंद करणारा, तसंच समजा. टाकीत तुम्ही वरून बादली ओतली की बॉल उचलला जातो, नळातून तेवढं पाणी कमी येतं, टाकीची पातळी तीच राहते. तुमची ग्रंथी चांगली होती. बाहेरून 50 गेलं तसा मेंदूने टीएसएच कमी केला आणि ग्रंथीने तेवढं बनवणं कमी केलं. रक्तात एकूण हार्मोन, म्हणजे तो टी4, तेवढंच, मग वजन कशाने उतरणार? 

150 ला काय झालं, तर तुमच्या वजनाच्या बाईची ग्रंथी पूर्ण बंद असली तरी साधारण सव्वाशेच्या आसपास लागते, किलोला 1.6 मायक्रोग्रॅम धरतात. म्हणजे ग्रंथी पूर्ण थांबली तरी वरून जास्तच पडत होतं, टाकी ओसंडली. तिथे काटा हलतो खरा, पण त्यात स्नायूही जातात, म्हणूनच मांड्यांत जीव नव्हता. जास्त दिवस चाललं तर हाडं झिजतात, हृदयाचे ठोके बिघडतात. अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीत इशारा छापलेला असतो की ही लठ्ठपणासाठी वापरायची नाही. आणि गोळीचा असर यायला आणि जायला आठवडे लागतात, म्हणून पहिले पंधरा दिवस तुम्हाला काही जाणवलं नाही.

चाळीसगावची नणंद

वहिनीने मला सांगून लिहिलंय, म्हणून मीपण लिहिते, कारण माझ्यामुळेच तिने हे केलं याचं मला फार वाईट वाटतं. माझे चार किलो गेले ते चरबीचे नव्हतेच जास्त. माझ्या हातातली अंगठी वर्षभर निघत नव्हती, साबण लावूनसुद्धा, आणि गोळी सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या आठवड्यात भांडी घासताना आपोआप सरकून मोरीत पडली. डोळ्यांखालची सूज गेली, आवाज मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले अंगात मीठ-पाणी साठलेलं होतं ते निघालं. 81 वरून 77 झालं आणि तिथेच थांबलं. आता टीएसएच 3.1 आहे, वर्ष झालं, 77 चे 76 झाले नाहीत.

मी रडले होते त्यांच्यापुढे, मला वाटलं होतं 65 होईल. त्यांनी विचारलं, आजाराच्या आधी किती होतं? घरी येऊन भाच्याच्या लग्नाच्या वेळचा कागद शोधला, 76. म्हणजे थायरॉईडने चढवलं ते जवळपास सगळं उतरलं, बाकीचं माझं आधीचंच. ते म्हणतात थायरॉईडच्या नावावर साधारण दोन ते पाच किलो, फारच जुना आणि मोठा आजार असेल तर थोडं जास्त.

धुळ्याहून

मला नाही पटत. डोस कमी असला की वजन उतरत नाही. माझ्या जेठानीचं 75 वर काही होत नव्हतं, 100 केल्यावर तीन किलो गेलं. चाळीसगावच्या ताईंनी डोस वाढवून घ्यावा.

भुसावळ, रिटायर लॅबवाला

तुमचं अर्धं बरोबर आहे. 75 वर जेठानीचा टीएसएच किती होता?

शिरपूर, 29

माझं वजन 52 वरून 44 झालं, गळ्याला सूज आहे, घाम फार, डॉक्टरांनी थायरॉईड सांगितला. मग मी कोबी बंद करू का आणि ही गोळी घेतली तर वजन भरेल का?

भुसावळ, रिटायर लॅबवाला

नाही ताई, या गोळीला हात पण लावू नका. तुमचं उलटं दिसतंय, तुमची ग्रंथी जास्त बनवतेय असं वाटतं, त्याची औषधं वेगळी असतात. शिजवलेला कोबी जेवणात असला तर काही बिघडत नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे या आठवड्यातच जा, धडधड असेल तर आजच.

नंदुरबार, शिक्षिका

माझी केस मधलीच आहे. टीएसएच 6.8, टी4 नॉर्मल, वजन 84. 25 ची गोळी सहा महिने घेतली, टीएसएच 3 झाला, वजन 84 ते 84, शंभर ग्रॅमसुद्धा नाही. एक डॉक्टर म्हणतात चालू ठेवा, दुसरे म्हणतात इतक्या कमीसाठी गोळीची गरज नव्हती, बंद करून तीन महिन्यांनी परत तपासू. थकवा पण तसाच आहे. मी कोणाचं ऐकू ते कळत नाही.

चाळीसगावची नणंद

मॅडम, मला इतकंच कळतं की वजनासाठी ती गोळी चालू ठेवू नका. बाकी ते दोघं डॉक्टर एकमेकांशी बोलले तर बरं.

धुळ्याहून

जेठानीची फाईल काढली. 75 वर टीएसएच 14 होता. आणि तेव्हा ती सकाळी गोळी चहाबरोबरच घ्यायची, त्यातच रक्तवाढीची लोहाची गोळी. आता लोहाची दुपारी जेवणानंतर घेते आणि चहा तासाभराने. 100 वर टीएसएच 2.4 आहे आणि वजन त्याच तीन किलोवर थांबलंय, सहा महिने झाले.

भुसावळ, रिटायर लॅबवाला

म्हणजे तिला हार्मोन खरंच कमी पडत होतं, ते भरून निघालं. चाळीसगावच्या ताईंचा 3.1 आहे, त्यांना अजून वाढवलं तर अमळनेरच्या ताईंचा 150 चा महिना त्यांच्या वाट्याला येईल. आणि जेठानीला विचारा, लोहाची गोळी वेगळी केल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत केला होता का? आता गोळी नीट शोषली जात असेल तर कदाचित 75 सुद्धा पुरेल.

धुळ्याहून

डोस वाढवला आणि वेळ बदलली ते एकाच महिन्यात झालं, म्हणून कशाने फरक पडला ते सांगता येत नाही. सोमवारी ती डॉक्टरांना विचारणार आहे.