मदत हवी आहे: पाण्याच्या चौकोनी टाकीला पत्रा किती लागेल? माझ्या हिशोबात २ शीट, वर्कशॉपवाला म्हणतो ३

संकेश्वरचा_गोठेवाला

नमस्कार मंडळी. गोठ्यामागं भिंत आणि खांब यांच्या मधल्या जागेत लोखंडी पत्र्याची टाकी बसवायची आहे. पाणी जनावरांना आणि धुण्याधाण्याला. आतलं माप पक्कं ठरलंय: लांबी १२० सेंमी, रुंदी ९० सेंमी, उंची ९० सेंमी. वर उचलून काढता येईल असं झाकण. पत्रा २ एमएम.

हिशोब मी असा केला. तळ १.०८ चौरस मीटर. लांब भिंती दोन मिळून २.१६, आखूड भिंती दोन मिळून १.६२. झाकण परत १.०८. एकूण ५.९४. आठ बाय चारची शीट म्हणजे २४४० बाय १२२० एमएम, म्हणजे २.९७७ चौरस मीटर. दोन शीट झाल्या ५.९५. म्हणजे बरोबर बसतंय.

वर्कशॉपवाला मात्र म्हणतो, तीन शीट आणा. "जोडाला पट्टी सोडावी लागते," एवढंच सांगितलं. एक शीट ४६-४७ किलोची, म्हणजे पैसे थोडे नाहीत. जोडाच्या पट्टीला अख्खी शीट लागते का? माझी फसवणूक होते आहे का, एवढंच कळलं तर बरं होईल.

बेळगुंदी_माळ

लोखंड कशाला घालताय? हजार लिटरची काळी प्लॅस्टिकची टाकी आणा आणि मोकळे व्हा. गंज नाही, वेल्डिंग नाही.

संकेश्वरचा_गोठेवाला

दादा, जागा १३० सेंमीची आहे आणि गोल टाकी तिथं बसत नाही, टेप लावून बघितलंय. शिवाय म्हशी अंग घासतात. मला फक्त पत्र्याचा हिशोब हवा आहे.

निपाणीकर

तुमच्या वर्कशॉपवाल्याचं बरोबर आहे. सोपा नियम सांगतो: क्षेत्रफळ काढा आणि १० टक्के वाढवा. ५.९४ चे ६.५३ होतात. दोन शीटमध्ये बसत नाही, म्हणून तीन. आणि एक लक्षात ठेवा, प्रत्येक घडीला पत्र्याच्या जाडीच्या दुप्पट माप कमी करायचं, नाहीतर टाकी मोठी होते. मी ग्रिलचं काम करतो, आम्ही बॉक्स असेच करतो.

उद्यमबाग_फिटर

तीन शीट हे उत्तर बरोबर आहे, पण निपाणीकरांनी दिलेलं कारण बरोबर नाही. शिअरिंग आणि बेंडिंगवर माझी २२ वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चौरस मीटरची बेरीज करून पत्रा विकत घेता येतो, कापता येत नाही. कापताना एकेक तुकडा शीटमध्ये अखंड बसावा लागतो. म्हणून आधी तुकडे काढा.

भिंती चार वेगळ्या करू नका. एक लांब आणि एक आखूड भिंत मिळून एकच तुकडा, मध्ये एक घडी. असे दोन तुकडे, म्हणजे उभे जोड चारच्या जागी दोनच राहतात आणि गळायच्या जागाही तेवढ्याच कमी होतात. एका तुकड्याची लांबी बघा. लांब भिंत १२००, त्यात २ वाढवा, कारण शेजारच्या तुकड्याची जाडी तिच्या आड येते. आखूड भिंत ९००. जोडाला पट्टी २५, ती कोपऱ्यावरून वळून शेजारच्या भिंतीवर बाहेरून बसते. घड्यांचे साधारण २ एमएम. झाले २१२९. आता उंची: आत ९००, तळाची जाडी २, वरची कड बाहेर वळवायला २५, खाली तळाला आधार म्हणून आत वळवायला २५, घड्यांचे २. झाले ९५४.

२१२९ बाय ९५४ चे दोन तुकडे एका शीटमध्ये बसतच नाहीत. आडवे ठेवले तर ९५४ ची दुप्पट १९०८ होते आणि शीट १२२० रुंद. म्हणजे भिंतींनाच दोन शीट गेल्या. प्रत्येक शीटमधून एक २६६ एमएमची लांब पट्टी आणि टोकाला ३११ एमएमचा तुकडा उरतो. त्यात ना तळ बसतो ना झाकण. म्हणून तिसरी शीट. दादा, तुमची फसवणूक नाही झालेली.

आता घडीचं. दुप्पट जाडी वजा करायचा नियम बाहेरच्या मापांची बेरीज करता तेव्हा साधारण चालतो. ह्यांनी आतलं माप दिलंय. आतल्या मापांची बेरीज केली तर घडीगणिक उलट थोडं वाढवायचं, २ एमएमच्या पत्र्याला सुमारे १ एमएम. एका तुकड्याच्या लांबीत दोन घड्या येतात. निपाणीकरांच्या हिशोबानं तिथं ८ एमएम कमी होतील आणि तळाचा तुकडा आत शिरणारच नाही.

निपाणीकर

बरोबर. आमचे बॉक्स बाहेरच्या मापाचेच असतात, ते डोक्यात आलं नाही. पण मग १० टक्क्यांचा नियम कुठं चुकला? उत्तर तेच आलं.

उद्यमबाग_फिटर

तिसऱ्या शीटवर तो चुकतो. झाकण बघा. वरच्या कडेसकट टाकी बाहेरून १२५४ बाय ९५४ होते. झाकण सैल बसायला दोन्हीकडे थोडी जागा आणि चारही बाजूंना २० एमएम खाली वळवायला हवं, म्हणजे तुकडा साधारण १३०० बाय १००० चा. आता तळ. समजा वर्कशॉपनं तळाच्याच कडा २५ एमएम वर वळवून भिंतीला लावायच्या ठरवल्या. मग तळाचा तुकडा १२५० बाय ९५०. तो शीटच्या रुंदीत मावत नाही, १२२० पेक्षा मोठा. लांबीत लावला तर १२५० आणि १३०० मिळून २५५०, शीट २४४०. बसत नाही. तीन शीट आणूनही काम अडतं, आणि टक्केवारी पाहिली तर भरपूर पत्रा उरलेला दिसतो.

म्हणून पट्टी तळाला न देता भिंतींना द्यायची, जशी मी वर उंचीत २५ धरली. मग तळ सपाट राहतो आणि आत सरकावा म्हणून १२०० बाय ९०० पेक्षा एक-दोन एमएम लहान कापायचा. तो शीटच्या रुंदीत उभा बसतो, ९०० लांबीत गेले. पुढं झाकणाचे १३००. एकूण २२००, २४४० मध्ये सुटसुटीत.

मात्र शीटला आधी टेप लावा. काही ठिकाणी २५०० बाय १२५० ची शीट मिळते. तसं असेल तर तुकडे अधिक मोकळे बसतील, पण तळाला पट्टी दिली तर १२५० चा तुकडा तिच्या रुंदीत काठोकाठ येतो, कापायला जागा उरत नाही.

खानापूर_दूधवाली

माझी टाकी अशीच, जरा लांबट, १५० सेंमीची. पत्रा नीट बसला होता, गळती पण नव्हती. पहिल्यांदा काठोकाठ भरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर लांब भिंत मधोमध बाहेर आलेली. भिंतीला सरळ पट्टी लावून बघितलं तर दोन बोटं फट. त्या वर्कशॉपनं तीन महिने टाळाटाळ केली आणि शेवटी बाहेरून अँगल मारला, तोही माझ्याच पैशानं. तुम्ही पत्र्याबरोबर अँगलचा हिशोब लावलाय का? नाही लावला तर आत्ताच लावा.

उद्यमबाग_फिटर

वहिनी, बरोबर सांगितलं. ह्या टाकीत पाणी ९० सेंमी उभं राहिलं की १२० सेंमीच्या एका भिंतीवर जवळपास ४८६ किलोचा रेटा येतो, आणि तो वरपेक्षा खाली जास्त. कड बाहेर वळवल्यानं वरचा भाग ताठ होतो. खाली तळ धरून ठेवतो. मधला पट्टा मोकळा राहतो आणि तिथंच पोट येतं. निम्म्या उंचीच्या जरा खाली बाहेरून अँगल फिरवा, २५ बाय २५ बाय ३ पुरे. लांब भिंतीला तर हवाच.

आणि जी लांब पट्टी उरते, २६६ ची, ती वाया घालवू नका. त्यातनं तीन बाजूंची घडी करून ताठ पट्ट्या करता येतात. त्या झाकणाखाली लावल्या तर झाकण लचकत नाही.

संकेश्वरचा_गोठेवाला

खूप खूप आभार. रात्री वहीच्या कागदावर शीटचं चित्र काढून तुकडे कात्रीनं कापून ठेवून बघितले. कागदानंच पटवलं. तळाचा १२५० चा तुकडा खरंच कुठंच बसेना.

एक विचारतो. तीन शीट मिळून १४० किलो येतात आणि तुमच्या मापानं टाकीत जेमतेम १०१ किलो लागतो. उरलेले ३९ किलो कुणाचे?

उद्यमबाग_फिटर

शीट तुम्ही आणून दिली तर उरलेली कात्रणंही तुमचीच. दर ठरवताना हेच आधी बोलून घ्या, काम झाल्यावर नको. काही जण मजुरी किलोवर धरतात आणि तीन शीटच्या वजनावर लावतात. तयार टाकीचं वजन धरा म्हणा.

निपाणीकर

एक शंका राहिली. तळ त्या आत वळवलेल्या पट्टीवर बसवून आतून वेल्डिंग केलं, तर पट्टी आणि तळ यांच्या मधल्या फटीत खालून ओल शिरते. गोठ्यात खाली ओलंच असतं. रंगाचा ब्रश तिथं पोचत नाही. दोन-तीन पावसाळ्यांत पट्टी फुगेल, असं मला वाटतं. तळ वर वळवलेला बरा नाही का? शीट जास्त गेली तरी चालेल.

उद्यमबाग_फिटर

तुमचं म्हणणं खोटं नाही. मी खालच्या बाजूनंही तुकड्या-तुकड्यानं टाका मारून, फटीत सील भरून, मग रंग देतो. टाकी विटांवर न ठेवता चॅनलवर उचलून ठेवली तर खालून वारा लागतो. पण सांगली-कोल्हापूरकडचे आमचे काही जण तळाच्या कडा वळवूनच करतात आणि त्यांचं काम टिकतंही. त्यांच्या पद्धतीत जोड भिंतीवर येतो आणि डोळ्यांना दिसतो, माझ्यात खाली लपतो. गोठ्याला कोणता बरा, हे मी छातीठोक सांगणार नाही.

संकेश्वरचा_गोठेवाला

मी वर्कशॉपवाल्याला दोन्ही सांगून बघतो. त्यांच्याकडं दहा फुटी शीट मिळत असेल तर तळाचा नि झाकणाचा तुकडा त्यातच निघेल, असं वाटतंय. १२५० आणि १३०० मिळून २५५० होतात ना?

उद्यमबाग_फिटर

होय. दहा फुटी म्हणजे ३०४८, त्यात २५५० सहज बसतात आणि रुंदीत दोन्ही तुकडे मावतात. फक्त वजन बघा, ती शीट ५८ किलोच्या वर जाते. दोन आठ फुटी आणि एक दहा फुटी. मग तळाचा निर्णय जोड कुठं हवा ह्यावर घ्या, शीटवर नको.

खानापूर_दूधवाली

पाणी काठोकाठ भरू नका, वरून बोटभर खाली ओव्हरफ्लोचा पाईप लावा. आणि टाकी झाल्यावर रंग द्यायच्या आधी पाणी भरून रात्रभर ठेवायला सांगा. रंग दिल्यावर गळती दिसत नाही. माझ्या दुसऱ्या टाकीत तेच झालं होतं.