फिजिओच्या अर्जात पेशंटची प्रगती कशी लिहिलीत? अनुभव सांगा

जुनीखुर्ची: काल कपाट आवरताना रिहॅब क्लिनिकसाठी केलेल्या माझ्या पहिल्या अर्जाचा कागद सापडला. त्यात एक केस होती. गुडघा बदललेल्या आजी, दुसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आल्या. मी लिहिलं होतं, "टीयूजी ३१ सेकंदांवरून १६ सेकंदांवर, सहा आठवड्यांत." म्हणजे खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, ती चाचणी. फार अभिमान होता त्या ओळीचा.

मुलाखतीत बाईंनी शांतपणे विचारलं, "दोन्ही वेळा हातात काय होतं?" पहिल्यांदा वॉकर, शेवटी काठी. मग दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून वजाबाकी कशी करायची? मी गप्प. गंमत म्हणजे वॉकर सुटून काठी आली हीच मोठी प्रगती होती, आणि नेमकी तीच मी लिहिली नव्हती. नोकरी मिळाली नाही. तुमचं काय झालं?

चहागार: वॉकर वाचून हसले आणि मग आठवलं, माझ्या अर्जात तर आकडेच नव्हते. "रुग्णांमध्ये लक्षणीय सुधारणा" 😅

उभाआडवा: मी आता टेबलाच्या पलीकडे बसतो, दर भरतीला असे अर्ज वाचतो. "गुडघा ७० वरून १०५ अंश" असं असलं की माझा पहिला प्रश्न, पेशंटने स्वतः वाकवला की तुम्ही दाबून वाकवलात? दुसरा, दोन्ही वेळा एकाच माणसाने मोजलं का? गोनिओमीटर धरणारा हात बदलला की पाचेक अंश सहज इकडेतिकडे होतात. म्हणून ७० चे ७४ झाले तर मी त्याला प्रगती म्हणत नाही.
मला आवडलेला एक अर्ज सांगतो. मुलीने लिहिलं होतं, "वाकणं १०५ पर्यंत आलं, पण पाय सरळ उचलताना गुडघा अजून ५ अंश लोंबतो, सुरुवातीला १५ होता. जिना अजून एक-एक पायरीनेच." जे राहिलं तेही लिहिलं. तिला लगेच बोलावलं.

रानवारा७: एवढं कशाला? वेदनेचा आकडा द्यायचा, ८ वरून ३. सगळ्यांना कळतो.

उभाआडवा: द्या, पण एकटा नको. ऑपरेशननंतर दुखणं आपोआपही उतरतं, त्यात तुमचा वाटा किती ते कसं कळणार? शिवाय काही पेशंट दुखतं म्हणून हालचालच थांबवतात, मग आकडा छान दिसतो आणि माणूस पलंगावर. सोबत तो काय करू लागला ते लिहा.

रानवारा७: हं. हे पटलं. अर्धवट 😄

सासूबाईंचीसून: माझ्या सासूबाईंचाही गुडघा बदललाय, चौथा आठवडा, ८० अंशांवर अडकलाय. अर्ज कुठे करायचा?

चहागार: ताई, हा नोकरीच्या अर्जाचा धागा आहे 🙈 ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना दाखवा मात्र. अडकलेला गुडघा थांबत बसण्यासारखा नसतो.

सासूबाईंचीसून: अगं बाई! बरं, दाखवते. पण एक सांगू? आमचा फिजिओ "क्वाड्स अॅक्टिव्हेट करा" म्हणतो. सासूबाई मान डोलावतात आणि तो गेल्यावर मला विचारतात, काय कर म्हणाला?

जुनीखुर्ची: तुम्ही चुकून मुद्द्यावरच आलात! दुसऱ्या मुलाखतीत मला हेच करायला लावलं, "मी पेशंट आहे, हा व्यायाम समजावा." मी म्हणाले, "गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवलीय. ती पलंगात रुतेल असा गुडघा खाली दाबा. मांडी दगडासारखी घट्ट झाली पाहिजे, हात लावून बघा. पाच मोजा, सोडा." मग थांबले आणि म्हणाले, "आता तुम्ही मला शिकवा." त्यांनी मुद्दाम श्वास रोखून धरला. मी टोकलं, "मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास अडणार नाही." ते त्यांना आवडलं असावं. तेव्हापासून अर्जातही "संवादकौशल्य उत्तम" न लिहिता मी पेशंटला म्हटलेली दोन वाक्यं जशीच्या तशी देते.

नवापाटा: माझ्याकडे फक्त इंटर्नशिपच्या केसेस आहेत. चालण्याचे आधीचे-नंतरचे व्हिडिओ जोडू का? चेहरा झाकलाय.

उभाआडवा: पेशंटची आणि त्या संस्थेची लेखी परवानगी नसेल तर नको. चेहरा झाकला तरी चालीवरून ओळखीचा माणूस कळतो. केस तुझ्या सिनिअरबरोबर हाताळली असशील तर तसं लिही, तुझा भाग कोणता तेही.

रानवारा७: मी तर व्हिडिओ जोडले होते, परवानगी घेऊन. कुणी उघडलेच नाहीत म्हणे.

चहागार: आमच्याकडे उघडले होते आणि त्यावरच अर्धा तास प्रश्न. ज्याचं त्याचं नशीब. कुकर झाला, येते.

नवापाटा: केस अर्जातच लिहायची की वेगळ्या पानावर?

जुनीखुर्ची: मी वेगळं पान देते.

उभाआडवा: मी वेगळं पान बऱ्याचदा वाचत नाही, खरं सांगतो.