मदत हवी आहे: डायलिसिसच्या पिशवीतलं क्लोराइड

नमस्कार मंडळी, मी सांगलीत एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला आहे. पिशवीत अल्ब्युमिन आहे, लिटरला साधारण ६६ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोलर. त्या pH ला प्रत्येक रेणूवर १५ ऋण भार धरलेत. बाहेर भरपूर १० मिलिमोलर मीठ. बाहेरचं द्रावण कितीही बदललं तरी आतलं क्लोराइड १० वर येत नाही.

इथपर्यंतचं गणित जमतं. प्रथिनाला पडद्यातून जाता येत नाही, म्हणून त्याचे १५ भार फेडायला सोडियम आतच राहतं. शिवाय सोडियम आणि क्लोराइड यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखा लागतो, इथे १००. दोन्ही अटी पाळणारं उत्तर एकच: आत सोडियम २०, क्लोराइड ५. पिशवीची आतली बाजू सुमारे १८ मिलिव्होल्टनं ऋण. हायड्रोजन आयनही आत दुप्पट, त्यामुळे pH ०.३ नं खाली.

अडचण पुढे आहे. टायट्रेशनमध्ये आतलं क्लोराइड साडेसहा येतंय. अल्ब्युमिन क्लोराइड बांधतं हे माहीत आहे, पण बांधलं की त्याचा ऋण भार वाढतो आणि मोकळं क्लोराइड ५ च्याही खाली जायला हवं. मग बांधलेलं किती, हे कसं काढायचं? क्लोराइड इलेक्ट्रोड थेट पिशवीतल्या द्रावणात धरला तर चालेल का?

बाहेर १५० मिलिमोलर मीठ घेतलं की हा असमतोल पाच टक्क्यांवर येतो, पण मग एवढ्या क्लोराइडमध्ये बांधलेलं दिसणारच नाही असं वाटतं. हे काम केलेल्या कुणी मार्ग सुचवावा.