‘हातावर तुरी देणे’: चौथीच्या वहीतलं वाक्य नक्की कुठे चुकलं?

मृणाल, जुळे सोलापूर

लेक चौथीत आहे. शाळेतून वाक्प्रचारांचा चित्रांचा कागद आला होता. चित्र पाहा, वाक्प्रचार ओळखा, अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. एका चित्रात उघडा तळवा, त्यावर तुरीचे दाणे आणि मागे पळणारा माणूस. तिनं वाक्प्रचार बरोबर ओळखला, अर्थही लिहिला: ‘फसवून निसटून जाणे’. आणि वाक्य लिहिलं, ‘आईने माझ्या हातावर तुरी दिली.’ बाईंनी लाल फुली मारली, शेजारी एक शब्दही नाही.

आता ती विचारते, यात चूक काय? कर्ता आहे, क्रियापद आहे, वाक्प्रचार जसाच्या तसा आहे. तिला काय सांगू? परवा ‘मेहनतीवर पाणी पडणे’चंही असंच झालं. ‘काल आमच्या गच्चीवर पाणी पडले.’ मेहनत गेली कुठे, ते देवाला ठाऊक.

बार्शीकर

ताई, चित्रच चुकीचं आहे. तूर म्हटलं की शेंगा दाखवायला हव्यात. दाणे काढले की पोरांना वरणच आठवणार. आमच्याकडं तुरी भरल्या की पोरं शेंगा ओरबाडून मीठ घालून उकडून खातात. लेकीला एकदा रानात घेऊन या, आपोआप समजेल.

मृणाल

दादा, तूर तिला चांगली ओळखते हो. तीच तर अडचण झाली आहे!

अक्षरशत्रू

सोपं आहे. वाक्प्रचार छोटा असतो, म्हण मोठी असते. वाक्प्रचार वाक्यात घालायचा, म्हण तशीच ठेवायची. तिला एवढा एक नियम पाठ करायला लावा. आणि चित्रं तर बंदच करा. शब्दांचा अर्थ शब्दांनीच कळतो.

निवृत्त गुरुजी

अक्षरशत्रू, तुमचं निम्मं बरोबर आहे. लांबीवर जाऊ नका. ‘अति तेथे माती’ तीन शब्दांची आहे आणि म्हण आहे. ‘डोळ्यांत तेल घालून पहारा करणे’ पाच शब्दांचा आहे आणि वाक्प्रचार आहे. फरक असा की म्हण स्वतःच्या पायावर उभी असते, कोण, कधी, किती जण हे तिला विचारावं लागत नाही. वाक्प्रचार मात्र कर्ता आणि काळ मिळेपर्यंत लंगडा. म्हणून यादीत त्याच्या शेवटी ‘-णे’ दिसतं आणि वाक्यात आलं की ते बदलतं. ‘मी नाचता येईना अंगण वाकडे’ असं वाक्य मला दर वर्षी कुणीतरी लिहून द्यायचंच. तिथं सांगावं लागतं, की आधी प्रसंग लिही, मग ‘म्हणतात ना’ घाल आणि म्हण अखंड ठेव.

आता मृणालताईंच्या प्रश्नाकडे. वाक्य व्याकरणानं बरोबर आहे, फुली अर्थासाठी आहे. तपासायची रीत मुलांना झटकन जमते. वाक्प्रचार काढा आणि त्या जागी अर्थ बसवा. ‘आई मला फसवून निसटून गेली.’ लेकीला हेच म्हणायचं होतं का? नव्हतं, तर वाक्प्रचार वापरलाच गेला नाही, नुसते त्याचे शब्द वापरले गेले.

शिवाय ‘हातावर तुरी देणे’त दोन माणसं लागतात आणि मुलं नेमकी त्यांची अदलाबदल करतात. तुरी देणारा हा निसटणारा. हात असतो फसलेल्याचा, म्हणजे जो पकडायला आलेला होता त्याचा. मुलीनं हात स्वतःचा घेतला, म्हणजे फसली ती आणि पळाली आई.

चित्रवाली

मी एका शिकवणी वर्गासाठी असे कागद काढते, म्हणून माझे दोन पैसे. अक्षरशत्रू म्हणतात तसं चित्र बंद करायची गरज नाही, पण एकच चित्र सगळीकडे चालत नाही. ‘कान टवकारणे’ला सशाचं एक चित्र काढलं की काम झालं, कारण अर्थ अंगावरच दिसतो. ‘नाक मुरडणे’, ‘डोळे वटारणे’ त्याच जातीचे.

‘पोटात कावळे ओरडणे’ला पोटात कावळा काढते, मुलं खो खो हसतात आणि विसरत नाहीत. तिथं घोटाळा होतच नाही. पोटात खरोखर कावळा गेलाय असं वाक्य कुणी लिहीत नाही, कारण ते घडणारच नाही.

घोटाळा होतो तो शब्दशः घडू शकणाऱ्या वाक्प्रचारांत. हातावर तूर देता येते, गच्चीवर पाणी पडू शकतं, बाळाचे कान टोचता येतात. तिथं मूल चित्रात दिसतं तेच लिहितं, आणि त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असतं. म्हणून अशांना मी दोन चौकटी काढते. डावीकडे तूर आणि तळवा, म्हणजे शब्द आठवतील. उजवीकडे प्रसंग: गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत खिसेकापू सटकलाय आणि पोलिसाच्या हातात त्याचा रिकामा सदरा राहिलाय. उजव्या चौकटीत तुरीचा दाणासुद्धा काढायचा नाही, हे मी कटाक्षानं पाळते. वाक्य लिहिताना डावी चौकट हातानं झाकायला सांगते.

मृणाल

झाकायचं हे आवडलं. आज करून पाहते. पण ‘मेहनतीवर पाणी पडणे’ला उजवीकडे काय काढणार? पाऊस काढला तर पुन्हा तेच.

चित्रवाली

पाऊस नाहीच काढायचा. चादर विणून झाली आणि कुणीतरी दिव्याची काजळी तिच्यावर सांडली, असं काहीतरी. पाणी कुठेच नको. मात्र सगळ्याच वाक्प्रचारांना उजवी चौकट जमत नाही. ‘कानाडोळा करणे’पुढे मी हात टेकलेत.

पूर्वभाग

आमच्या घरी तेलुगू बोलतात. माझा मुलगा मराठी शाळेत चौथीतच आहे. वरचं सगळं वाचून मला वाटतं, तुमची मुलं चुकतात तरी ऐकून चुकतात. आमच्या पोराला हा वाक्प्रचार पहिल्यांदा कागदावरच भेटतो. घरात ‘पोलिसांच्या हातावर तुरी देऊन’ असं कुणी कधी म्हटलेलंच नाही. शब्द एकेक करून लावतो आणि जे निघतं ते लिहितो. अशा पोरांना अर्थ पाठ करायला लावून उपयोग काय? वाक्य अडतंच.

निवृत्त गुरुजी

अक्कलकोट तालुक्यात माझ्या वर्गात निम्मी मुलं घरी कन्नड बोलणारी होती, त्यामुळे ही अडचण ओळखीची आहे. अर्थ आधी सांगायचाच नाही. आधी तीन वाक्यं मोठ्यानं म्हणायची. ‘पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन कैदी पळाला.’ ‘खिसेकापू शिपायाच्या हातावर तुरी देऊन गर्दीत मिसळला.’ ‘राखणदाराच्या हातावर तुरी देऊन पोरं भिंतीवरून उड्या मारून गेली.’ मग विचारायचं, काय झालं असेल? अर्थ मुलंच सांगतात. चित्र त्यानंतर.

तिन्ही वाक्यांत एक गोष्ट लक्षात घ्या. ‘देणे’चं रूप प्रत्येक वेळी ‘देऊन’ आहे आणि पुढे पळण्याचं क्रियापद आहे. बोलण्यात, बातम्यांत हा वाक्प्रचार बहुधा असाच येतो. वाक्य ‘तुरी दिली’वर संपवलं की मुलाला पळायला जागाच उरत नाही, मग ते तूर वाटत बसतं. म्हणून यादीत ‘हातावर तुरी देणे’ असं न लिहिता फळ्यावर मी ‘कुणाच्या तरी हातावर तुरी देऊन पळणे’ असं लिहायचो.

मृणालताई, लेकीचंच वाक्य धरून चला, नवं देऊ नका. ‘आईने माझ्या हातावर तुरी दिली.’ आधी माणसं बदला: ‘मी आईच्या हातावर तुरी दिली.’ अजूनही स्वयंपाकघरच डोळ्यांपुढे येतं. मग ‘देऊन’ आणा: ‘मी आईच्या हातावर तुरी देऊन पळाले.’ आता बरं आहे, पण एखादा म्हणेल की डब्यातली तूर देऊन पोरगी खेळायला गेली. म्हणून पकडायचं कारण घाला: ‘आई पाढे म्हणायला बसवणार हे दिसताच मी तिच्या हातावर तुरी देऊन शेजारच्या अंगणात पळाले.’ आता या वाक्याचा दुसरा अर्थ कुणी काढून दाखवावा.

बार्शीकर

गुरुजी, पण ‘तुरी दिली’ की ‘तुरी दिल्या’? आम्ही ‘दिल्या’ म्हणतो. आणि याची गोष्ट अशी सांगतात, की सावकार दारात आला, कुळानं मूठभर तूर त्याच्या हातावर ठेवली आणि तो मोजेपर्यंत मागच्या दारानं पसार!

निवृत्त गुरुजी

दोन्ही रूपं ऐकली आहेत. ‘देऊन’ वापरलं की हा वादच उरत नाही. सावकाराची गोष्ट मजेची आहे, पण तिला आधार दिसत नाही. मुलांना गोष्ट म्हणून सांगा, उगम म्हणून नको.

अक्षरशत्रू

तुरीवरून ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ पण शिकवा की एकदमच. तिथली तूर तर खरी आहे.

चित्रवाली

तूर खरी आहे, पण तीही अजून बाजारातच आहे, घरी आलेली नाही. सगळा विनोद तिथंच आहे. तरी बायकोला मारणाऱ्या नवऱ्याचं चित्र मी चौथीच्या मुलांसाठी काढणार नाही.

अक्षरशत्रू

मग म्हणीच पुसून टाकायच्या का? असं केलं तर निम्मा साठा जाईल.

चित्रवाली

मोठ्या वर्गात शिकवा की. मी चित्राबद्दल बोलत होते.

पूर्वभाग

गुरुजींची तीन वाक्यं पोराला म्हणून दाखवली. अर्थ त्यानं सांगितला: ‘गंडवून पळाला.’ आता उलट झालंय, घरात जो तो उठून जाईल त्याला म्हणतोय, ‘तुरी देऊलालाय!’ आजी नुसती दुकानाला निघाली तरी.

निवृत्त गुरुजी

म्हणू द्या. पकडणारं कुणी होतं का, एवढंच प्रत्येक वेळी विचारा.

मृणाल

आजचं वाक्य, डावी चौकट झाकून, माझी मदत न घेता: ‘मांजर कुत्र्याच्या हातावर तुरी देऊन झाडावर चढले.’ मला आवडलं. पण कुत्र्याला हात कुठे असतो? ‘पंजावर’ करू का?

निवृत्त गुरुजी

अजिबात नको. वाक्प्रचारातले शब्द गोठलेले असतात, कुत्र्यासाठी ‘हाता’चा ‘पंजा’ होत नाही. पकडणारा आहे, निसटणारा आहे. मी पूर्ण गुण देईन.

चित्रवाली

मी अर्धा कापेन. मांजर नुसतं जोरात पळालंय, कुत्र्याला फसवलं कुठे? ‘झुडपामागून वळसा घालून’ असं काही हवं होतं.

बार्शीकर

कुत्रं खाली भुंकत राहिलं आणि मांजर वर बसून मिशा चाटतंय, आणखी काय फसवायचं असतं हो?