‘रोटेशनल स्टिफनेस’ला मराठीत काय म्हणावं?

देवगडकर: पवनचक्कीच्या पायावर मराठी टिपण लिहितोय. कोशातलं ‘घूर्णन दृढता’ खटकतं. ‘ओव्हरटर्निंग’ला ‘उलटणे’ चालेल का?

कोशप्रेमी: घूर्णन म्हणजे गरगर फिरणं. पाती फिरतातच की, मग चूक काय?

देवगडकर: पात्यांचा संबंध नाही हो! वाऱ्याच्या रेट्याने पाया किंचित कलतो, त्याला जमिनीचा किती विरोध होतो, हे सांगायचंय.

कंत्राटदार: मग सरळ ‘मजबुती’ म्हणा. वजनदार पाया, खाली जांभ्याचा कातळ, काय हलणार?

पायावाली: मजबुती म्हणजे मोडेपर्यंत किती सोसेल ते. इथे प्रश्न किती वाकेल, हा आहे, म्हणून ‘ताठरता’. आणि उलटते गाडी. काठावर टेकून पडतं ते ‘कलंडणं’.

हिशेब बघा. १८ मीटर व्यासाचा गोल पाया, वरची माती नि मनोरा धरून वजन २००० टन. वादळात कलंडवणारा जोर ६००० टन-मीटर. काठाभोवती वजनाचा विरोध २००० × ९ = १८००० टन-मीटर, म्हणजे तिप्पट. कलंडत नाही, कंत्राटदारांचं तेवढं खरं.

पण वजनाची रेघ मध्यापासून त्रिज्येच्या चौथाईहून, इथे २.२५ मीटरहून, जास्त सरकली की वाऱ्याकडची कड जमिनीवरून उचलते. रोजच्या चालण्यात जोर ३६०० धरला, तर ३६०० भागिले २००० म्हणजे १.८ मीटर, ठीक. वादळात ३ मीटर, तेव्हा कड थोडा वेळ सुटते आणि ते चालवून घेतात. रोज सुटायला लागली तर टेकलेला भाग घटतो, ताठरता उतरते, मनोऱ्याची डुलण्याची लय मंदावते आणि पात्यांच्या फेऱ्यांशी जुळू शकते. मग पाया न कलंडताही मनोरा थकतो.

माडवालो: आमचो माड पावसात मुळासकट कलंडलो, वारो तर फारसो नव्हतोच.

पायावाली: अहो, तेच सांगणार होते! पाण्याने पाया हलका होतो. याच पायाभोवती दोन मीटर पाणी चढलं, तर तरंगण्याचा जोर साधारण ५०० टन. उरले १५००. आता ३६०० भागिले १५०० म्हणजे २.४. रोजच्या वाऱ्यातही कड सुटली! म्हणून निचरा सांभाळायचा, नाहीतर व्यास वाढवायचा. ताठरता त्रिज्येच्या घनाने वाढते. नऊचे दहा मीटर केले तर सुमारे ३७ टक्के जास्त.

कंत्राटदार: पण कातळावर हे कशाला?

पायावाली: जांभ्याचं कवच कठीण, खाली बऱ्याचदा शेडीची मऊ माती लागते. विहीर खणणाऱ्याला विचारा. बोअर खोलवर घेतल्याशिवाय आकडा धरू नका.

कोशप्रेमी: बरं, ‘कलताठरता’?

देवगडकर: जीभ अडखळते. ‘कलण्याविरुद्धची ताठरता’ लिहितो सध्या.

माडवालो: ‘डुलरोध’ म्हणा, बरो लागता.

पायावाली: डुलतो मनोरा, कलतो पाया. दोन्हींना एकच शब्द नको.